लेकी बापावर, लेक आईवर

हॅचरीतल्या ट्रेमध्ये एक दिवसाची पिल्लं दाटीवाटीनं उभी आहेत. सगळी काळी. पण नीट बघितलं तर साधारण निम्म्या पिल्लांच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, पांढुरका ठिपका दिसतो. बाकीच्यांची डोकी काळीभोर. ठिपका असलेलं प्रत्येक पिल्लू नर आहे आणि ठिपका नसलेलं प्रत्येक पिल्लू मादी. कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय, लांबूनसुद्धा ही विभागणी करता येते.

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याच्या दृष्टीनं ही ओळख म्हणजे रोकडा पैसा. नर अंडी घालत नाही आणि अंड्यांसाठी घडवलेल्या जातीचा नर मांसासाठीही परवडत नाही. त्यामुळे खाद्याचा पहिला घास देण्याआधीच नर वेगळे काढावे लागतात. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद उघडून आतला बारीकसा उंचवटा बघायचा, ही जपानी संशोधक मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२० च्या दशकात जगापुढे आणलेली पद्धत अचूक असली, तरी ती हातात बसायला फार सराव लागतो. डोक्यावरचा ठिपका मात्र कुणालाही दिसतो.

पण हा ठिपका कोणत्याही कोंबडा-कोंबडीच्या पिल्लांत मिळत नाही. वर सांगितलेल्या पिल्लांचा बाप ऱ्होड आयलंड रेड जातीचा, तांबडा. परसातल्या कोंबडीपालनामुळे ‘आर.आय.आर.’ हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यातही ओळखीचं झालं आहे. आई बार्ड प्लिमथ रॉक जातीची, म्हणजे काळ्या पिसांवर आडवे पांढरे पट्टे असलेली. ही जोडी उलटी लावली, पट्टेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी, तर सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येतो आणि नर-मादी ओळखण्याची सोय संपते. जाती त्याच, रंग तेच, जनुकंही तीच. फरक एवढाच की कोणता गुण बापाकडून आला आणि कोणता आईकडून. मेंडेलच्या वाटाण्यांना या गोष्टीनं काही फरक पडत नव्हता. कोंबडीला पडतो, आणि त्याचं कारण तिच्या लिंग-गुणसूत्रांत आहे.

माणसाचं गणित शाळेतच शिकवलेलं असतं. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असतो. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं. पक्ष्यांमध्ये नेमकं उलटं असतं. कोंबड्याकडे एकसारखी दोन गुणसूत्रं असतात, त्यांना झेड म्हणतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक छोटं डब्ल्यू. कोंबड्याच्या प्रत्येक शुक्राणूत झेडच जातो. पिल्लू नर होणार की मादी, हे कोंबडीच्या अंडपेशीत झेड राहिला की डब्ल्यू यावर ठरतं, तेही अंड्यावर कवच चढण्याच्या बरंच आधी, शुक्राणू पोचण्यापूर्वीच. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांचं शास्त्र अगदीच खोटं नाही. ते कोंबडीला लागू पडतं.

वेगळी अक्षरं मुद्दाम वापरली आहेत, कारण ही गुणसूत्रं आपल्या एक्स-वायची उलटी आवृत्ती नाहीत. आपल्या एक्सवरची बरीच जनुकं कोंबडीत पहिल्या आणि चौथ्या क्रमांकाच्या साध्या गुणसूत्रांवर सापडतात, आणि कोंबडीच्या झेडवरची बरीच जनुकं आपल्या नवव्या आणि पाचव्या गुणसूत्रावर. सस्तन प्राणी आणि पक्षी यांनी वेगवेगळ्या साध्या गुणसूत्रांच्या जोड्या उचलून, स्वतंत्रपणे, त्यांची लिंग-गुणसूत्रं बनवली.

लिंग ठरवण्याची तऱ्हाही वेगळी आहे. आपल्यात वायवरचं एसआरवाय हे जनुक कळ दाबतं आणि भ्रूणातली लैंगिक ग्रंथी वृषण बनू लागते. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधलं, आणि पुढच्याच वर्षी ते दोन एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातल्यावर नर उंदीर जन्मला. पक्ष्यांच्या डब्ल्यूवर ‘मादी बनव’ असा हुकूम देणारं असं जनुक सापडलेलं नाही. तिथे मात्रेचा हिशेब चालतो. झेडवर डीएमआरटी-वन नावाचं जनुक आहे. त्याच्या दोन प्रती असल्या तर वृषण, एकच असली तर अंडाशय. २०२१ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेच्या संशोधकांनी दोन झेड असलेल्या कोंबड्यांमध्ये या जनुकाची एक प्रत निकामी केली, आणि त्या पक्ष्यांत वृषणाऐवजी अंडाशय तयार झालं. बाकी शरीर मात्र नराच्याच वळणानं वाढत राहिलं.

आता पट्ट्यांकडे. पट्टे आणणारं जनुक झेडवर आहे, डब्ल्यूवर त्याला जागाच नाही. पट्ट्यांची प्रत प्रभावी, बिनपट्ट्याची अप्रभावी. म्हणजे दोन प्रतींपैकी एक जरी पट्ट्यांची असली तरी पट्टे दिसतात. आमच्या जोडीतल्या तांबड्या कोंबड्याच्या दोन्ही झेडवर बिनपट्ट्याची प्रत आहे. पट्टेरी कोंबडीच्या एकुलत्या झेडवर पट्ट्यांची. ती तो झेड ज्या पिल्लाला देते ते नर होतं, म्हणजे प्रत्येक मुलाला आईकडून पट्टे मिळतात. ज्या पिल्लाला ती डब्ल्यू देते ती मुलगी, आणि तिच्याकडे झेड एकच, तोही बापाचा, बिनपट्ट्याचा. काळा रंग दोघांनाही आईकडून येतो, पण तो साध्या गुणसूत्रावरून, म्हणून मुलगे-मुली दोघंही काळी. पट्ट्यांचं जनुक एक दिवसाच्या पिल्लाच्या लवेवर त्या ठिपक्याच्या रूपात दिसतं; खरे पट्टे पुढे पिसं फुटल्यावर येतात. तेव्हा मुलगे आईसारखे पट्टेरी होतात आणि मुली, निदान पट्ट्यांच्या बाबतीत, बापावर जातात.

उलटी जोडी लावली की बाप पट्टेरी. त्याच्या दोन्ही झेडवर पट्टे, म्हणून मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला पट्टे मिळणारच. नर-मादी ओळखायची तर एकच जोडणी चालते: अप्रभावी गुणाचा बाप, प्रभावी गुणाची आई.

हे आपल्या रंगांधतेशी ताडून बघण्यासारखं आहे. लाल-हिरव्या रंगांधतेचं जनुक एक्सवर आहे आणि ते अप्रभावी आहे. रंगांध आई आणि डोळस बाप असेल, तर सगळे मुलगे आईसारखे रंगांध आणि सगळ्या मुली बापासारख्या डोळस, फक्त दोष वाहून नेणाऱ्या. म्हणजे लेकी बापावर आणि लेक आईवर हे दोन्हीकडे घडतं. फरक असा की आपल्यात त्यासाठी आई अप्रभावी गुणाची लागते, पक्ष्यांत बाप. ज्याच्याकडे एकसारखी दोन गुणसूत्रं आहेत, तोच शुद्ध अप्रभावी हवा. अप्रभावी गुण उघडा पडण्याची पाळी मात्र एकेरी गुणसूत्रवाल्यावर येते: माणसांत पुरुषावर, पक्ष्यांत मादीवर. म्हणून रंगांधता, हिमोफिलिया असले दोष आपल्याकडे पुरुषांत जास्त दिसतात, आणि पक्ष्यांत झेडवरचे अप्रभावी रंग माद्यांत. वाय आपल्याकडे आडनावासारखा बापाकडून मुलाकडे जातो. कोंबडीत डब्ल्यू तसाच आईकडून मुलीकडे.

हौसेनं पक्षी पाळणाऱ्यांना हे गणित रोज लागतं. पक्षीबाजारात ‘कॉकटेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉकाटील पक्ष्यात पिवळसर पांढरा, लाल डोळ्यांचा ‘ल्युटिनो’ रंग झेडवरचा, अप्रभावी. समजा, दोन राखाडी पक्ष्यांच्या घरट्यात एक ल्युटिनो पिल्लू निघालं. ते पिल्लू मादी आहे हे पिसं फुटायच्या आधी सांगता येतं, कारण नर असता तर त्याला एक झेड आईकडून मिळाला असता, आणि आई राखाडी आहे म्हणजे तिच्या एकुलत्या झेडवर राखाडीच आहे. बापाकडे ल्युटिनोची एक लपलेली प्रत आहे हेही त्यातून सिद्ध झालं. पाळणारे अशा नराला ‘स्प्लिट’ म्हणतात. त्याच्या मुलींपैकी सरासरी निम्म्या ल्युटिनो होतील, मुलगा एकही नाही.

‘ल्युटिनोला स्प्लिट मादी’ असं सांगून कुणी राखाडी मादी चढ्या भावानं विकत असेल, तर तो एक तर अडाणी आहे किंवा समोरच्याला अडाणी समजतो. मादीकडे दुसरा झेडच नाही, मग लपवायला जागा कुठे? तिचा रंग दिसतो तोच तिच्या झेडवर असतो. तसंच राखाडी आईच्या पोटी ल्युटिनो नर निघाला असं कुणी सांगितलं, तर आई ती नव्हेच, किंवा घरट्यातली अंडी बदलली, किंवा पिल्लाचं लिंग ओळखण्यात चूक झाली. आधी ते तपासावं.

गंमत म्हणजे लिंगाशी बांधलेली वंशागती पहिल्यांदा दिसली ती या झेड-डब्ल्यूवाल्या जिवांतच. लेनर्ड डॉन्कास्टर आणि रेनर हे धर्मगुरू यांनी १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या मॅगपाय पतंगावरचे प्रयोग छापले. या पतंगाचा एक फिका प्रकार निसर्गात जवळजवळ फक्त माद्यांतच आढळत होता. पतंग आणि फुलपाखरांतही मादीकडेच दोन वेगळी गुणसूत्रं असतात, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. १९०८ मध्ये अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ विल्यम स्पिलमन यांनी बार्ड प्लिमथ रॉक कोंबड्यांचे आकडे बघून ओळखलं, की पट्ट्यांची प्रत आई मुलींना देतच नाही. लगेच १९१० मध्ये टी. एच. मॉर्गन यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी निघाली आणि तिथे नेमका उलटा नमुना दिसला, कारण या माशीत आपल्यासारखे एक्स-वाय असतात. जनुकं गुणसूत्रांवर बसतात या शोधाचा मान मॉर्गनच्या माशीला मिळाला आणि नोबेलही तिच्यामुळेच आलं. कोंबडी दोन वर्षं आधी तेच सांगत होती, पण कोंबडीचं कोण ऐकतो!

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग करा, असं केंब्रिजचे रेजिनल्ड पनेट पहिल्या महायुद्धाच्या काळापासून सांगत होते. त्यांनी पुढे १९२९ च्या सुमारास मायकेल पीझ यांच्याबरोबर ‘कँबार’ ही जात घडवली. तिच्यात संकराचीही गरज नव्हती. शुद्ध जातीतच नर पिल्लं माद्यांपेक्षा फिकी दिसत. हे कसं शक्य झालं, ते बघताना पक्षी आणि सस्तन प्राण्यांतला आणखी एक फरक समोर येतो.

पट्टे घडतात असे. पीस मुळाकडून वाढतं. मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी तयार होत राहतात आणि वाढत्या पिसात काळा रंग भरतात. पट्ट्यांच्या जनुकामुळे या पेशींचं विभाजन लवकर थांबतं; त्या रंग भरून संपतात, पण त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी तयार नसतात. तेवढा काळ वाढलेलं पीस पांढरं राहतं. मग मुळाकडून पेशींची नवी फळी येते आणि पुन्हा काळा पट्टा सुरू होतो. हे जनुक म्हणजे सीडीकेएन-टू-ए. माणसातही ते आहे, नवव्या गुणसूत्रावर, आणि तिथे त्यात बिघाड झाला तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता कोंबड्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतील तर? मांजरात किंवा माणसात एक्सवरच्या जनुकाच्या दोन प्रती असल्या, तरी मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद केलेला असतो. तीनरंगी मांजर बहुतेक वेळा मादीच असते ती त्यामुळेच: काही पेशींत एक एक्स चालू, काहींत दुसरा, म्हणून अंगावर नारिंगी आणि काळे ठिगळ. पक्ष्यांत असं संपूर्ण झेड बंद करण्याची सोय नाही. काही जनुकांचा थोडाफार समतोल साधला जातो, पण बऱ्याच जनुकांच्या बाबतीत नरात दुप्पट प्रतींचा जास्त परिणाम होतोच. म्हणून पट्ट्यांच्या दोन प्रती असलेल्या कोंबड्याचे पांढरे पट्टे रुंद होतात आणि तो कोंबडीपेक्षा फिका दिसतो. कँबारमध्ये हाच फरक तपकिरी लवेवर उठून दिसत होता. बार्ड रॉकच्या काळ्या लवेवर तो इतका स्पष्ट नसतो. तिथे नराचा ठिपका मोठा आणि विस्कटलेला, मादीचा लहान आणि नेटका असतो, पण ओळखताना चुका होतात. जुन्या काळच्या अमेरिकन प्रदर्शनांत कोंबडा-कोंबडीचे पट्टे एकसारखे दिसावेत असा हट्ट असे. ते निसर्गतः होतच नाहीत, त्यामुळे हौशी मंडळी नरांसाठी एक आणि माद्यांसाठी दुसरा असे दोन वेगळे वंश ठेवत. परीक्षकांनी थोडं जीवशास्त्र वाचलं असतं तर पुष्कळांचा खुराक वाचला असता.

डोक्यावरच्या ठिपक्याला एक अडचण आहे. ठिपकेवाल्या भावंडांचीच पुढे जोडी लावली, तर पट्ट्यांची एकच प्रत असलेला मुलगा आणि बिनपट्ट्याची मुलगी एकत्र येतात, आणि पुढच्या पिढीत निम्मे नर पट्टेरी, निम्म्या माद्याही पट्टेरी. ओळख गेली. म्हणजे मूळ दोन जाती दर वेळी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. त्यातून मोठ्या प्रमाणावर पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांची पिसंच पांढरी. तिथे पट्टे असले तरी दिसणार नाहीत. म्हणून त्या धंद्यात झेडवरचंच पण वेगळं जनुक वापरतात, पिसं उशिरा फुटण्याचं.

उशिरा पिसं फुटण्याची प्रत प्रभावी, लवकरची अप्रभावी. बाप लवकरचा, आई उशिराची. गणित पट्ट्यांसारखंच: मुलगे उशिराचे, मुली लवकरच्या. पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडायचा आणि पिसांच्या दोन ओळी बघायच्या. खालची ओळ म्हणजे पुढे उडण्याची पिसं, वरची त्यांना झाकणारी. मादीत खालची पिसं वरच्यांपेक्षा ठळकपणे लांब. नरात दोन्ही सारखी, किंवा वरचीच लांब. हे पहिल्या दिवसात बघावं लागतं. नंतर ओळींची लांबी बदलत जाते आणि पंख काहीच सांगत नाही.

चूक कुठून शिरते ते आकड्यांवरून ओळखता येतं. समजा, आई-बापांच्या कळपात दहा कोंबडे आणि शंभर कोंबड्या आहेत आणि दहांतला एक कोंबडा चुकून उशिराच्या वंशाचा, दोन्ही प्रतींचा, आला. सगळे कोंबडे सारखेच बाप होत असतील तर दर शंभर पिल्लांत दहा त्याची, त्यातल्या पाच मुली. त्या उशिराच्या दिसतील आणि नर म्हणून बाजूला टाकल्या जातील. पन्नास-पन्नासऐवजी ‘नर’ पंचावन्न आणि ‘मादी’ पंचेचाळीस भरतील. नर-मादी जवळपास निम्मेच निघायला हवेत, त्यामुळे बॅचमागून बॅच आकडा असाच झुकलेला दिसला तर संशय बापांवर. उलट, शंभरातल्या दहा कोंबड्या लवकरच्या वंशाच्या निघाल्या, तर त्यांचे मुलगे लवकरचे दिसून माद्यांत मिसळतात. पंचावन्न ‘माद्यां’त पाच नर. ही चूक काही आठवड्यांनी तलंगांच्या घरात तुरा वाढल्यावर आपोआप कळते. पहिली चूक कधीच परत येत नाही, कारण त्या माद्या पहिल्याच दिवशी संपलेल्या असतात. म्हणून कोंबडे निवडताना दुप्पट दक्षता घेतात.

या जनुकाला आणखी एक शेपूट आहे. उशिरा पिसं फुटण्याचं कारण झेडवरच्या एका तुकड्याची झालेली दुबार नक्कल. त्या जागेलाच चिकटून बऱ्याच वंशांत एका जुन्या विषाणूचा अंश बसलेला असतो, ईव्ही-२१ नावाचा. तो कोंबडीच्या गुणसूत्राचाच भाग झाला आहे, पण त्याच्यापासून विषाणूचे कण अजूनही तयार होतात. नियमाप्रमाणे उशिराच्या वंशाची आई हा झेड फक्त मुलांना देते, मुलींना नाही. तरीही मुलींच्या बाबतीत घोळ होतो, कारण आईच्या शरीरात तयार झालेले विषाणूचे कण अंड्यातून भ्रूणापर्यंत पोचतात. गर्भावस्थेतच भेटलेल्या विषाणूला पिल्लाचं शरीर परका मानत नाही. पुढे त्याच्याच जवळचा, बाहेरून येणारा ल्युकोसिसचा विषाणू शिरला, तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं पुरेशी तयार होत नाहीत, आणि अंडी कमी होणं, यकृतात गाठी असले प्रकार वाढतात. त्यावर पैदास करणाऱ्यांनी दोन उपाय केले: बाहेरून येणाऱ्या ल्युकोसिस विषाणूची चाचणी करून बाधित कोंबड्या कळपातून काढत राहणं, आणि ज्यांच्यात ईव्ही-२१ नाही पण पिसं उशिराच फुटतात असे वंश निवडणं. तपकिरी अंड्यांच्या संकरांत ही भानगडच येत नाही. तिथे सोनेरी बाप आणि रुपेरी आई घेतात. झेडवरच्या त्या जोडीमुळे मुली तांबूस आणि मुलगे पिवळसर पांढरे बाहेर पडतात, आणि पंख उघडून बघायचीही गरज राहत नाही.